बचत खाते: महिनाअखेरीस शिल्लक भरण्याची चूक टाळा

पहिलेच खाते उघडणाऱ्यांच्या हाती एकच चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: किमान शिल्लक ही महिन्याच्या शेवटच्या दिवशी तपासली जाते, असा समज. अनेक बँका प्रत्यक्षात सरासरी मासिक शिल्लक पाहतात; म्हणजे रोज दिवसअखेर खात्यात राहिलेल्या रकमांची बेरीज करून तिला महिन्याच्या दिवसांनी भागतात.

लालबागच्या एका दुकानात काम करणारा तरुण पासबुक घेऊन माझ्याकडे आला होता. त्याच्या खात्याला सरासरी 5,000 रुपये आवश्यक होते. 28 दिवस त्याने 500 रुपये ठेवले आणि 29 तारखेला सकाळी 5,000 भरून तो निश्चिंत झाला. हिशेब असा झाला: 28 दिवसांचे 14,000 आणि शेवटच्या दोन दिवसांचे 5,500 प्रमाणे 11,000, मिळून 25,000, त्यास 30 ने भागले की सरासरी जेमतेम 833 रुपये. म्हणजे तूट 4,167 रुपयांची. त्याच्या बँकेच्या दरपत्रकानुसार तुटीच्या 6 टक्के, म्हणजे 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 45 रुपये कापले गेले. व्याजही रोजच्या शिलकीवरच मोजले जाते, त्यामुळे तीच 25,000 ची बेरीज वार्षिक 3 टक्के दराने त्या महिन्याचे व्याज देते 2 रुपये 5 पैसे, आणि तेही बहुधा तिमाहीअखेर जमा होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंड लावण्यापूर्वी ग्राहकाला कळवून शिल्लक पूर्ववत करण्यास किमान एक महिना द्यावा लागतो, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होता कामा नये. बँकेने कळवले होतेच. पण संदेश त्याच्या बंद पडलेल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर गेला, आणि पासबुक त्याने पाच महिने छापून घेतले नव्हते. रांग लांब असते, ही सबब मला रुचत नाही.

माझी सवय साधी आहे: पगार झाला की आवश्यक रकमेला हात लावायचा नाही, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुकात नोंदी करून घ्यायच्या. ज्यांना एवढी रक्कम अडकवून ठेवणे परवडत नाही, त्यांनी खाते उघडतानाच किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते मागावे. अर्जावर घाईने सही करणारे हे विचारतच नाहीत. मात्र हे खाते घेतल्यास त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीनच व्यवहार मोफत असतात, आणि नुसती शिल्लक पाहणे हाही त्यांपैकी एक व्यवहार धरला जातो.

दोन वर्षे स्वतः एकही व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी केवायसीची कागदपत्रे द्यावी लागतात.