पहिला कस्टम लूप लावताय? या चुका टाळा (काटा हलला नाही म्हणजे लीक नाही, असं नसतं)

गेल्या काही वर्षांत सोलापुरात ओळखीतल्या पोरांच्या पीसीला पाण्याने थंड करणारे सात-आठ लूप लावून दिले, आणि त्याच्यापेक्षा जास्त लूप दुसऱ्यांनी लावलेले उघडून साफ केले. चुका त्याच त्याच असतात. त्यातली लीक टेस्टची चूक सगळ्यात महागात जाते म्हणून तीच सविस्तर लिहितोय, बाकीच्या थोडक्यात.

आधी मावसभावाचं सांगतो. त्याचा पहिलाच बिल्ड, सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हीला ब्लॉक, एक 360 आणि एक 240 रेडिएटर, डी-5 पंप, सॉफ्ट ट्यूब. मे महिना, रविवार. सकाळी नऊला त्याने एअर टेस्टर लावून 0.5 बार हवा भरली आणि फोटो पाठवला. अकराला परत फोटो, काटा जागच्या जागी. "दादा, दोन तास झालेत, काटा हललाच नाही बघ, भरू का?" मी फोटो बघितला आणि भर म्हणालो. खोली किती तापलीय हे मी विचारायला पाहिजे होतं, ते विचारलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याने कूलंट भरलं, अर्धा तास नुसता पंप चालवला, टिश्यू कोरडा दिसला, सगळ्या केबल जोडल्या आणि संध्याकाळभर गेम खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पीसी चालूच होईना. ग्राफिक्स कार्डच्या ब्लॉकवरच्या फिटिंगमधून थेंब थेंब खाली उतरून मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये गेला होता. कार्ड वाळवून वाचलं, बोर्ड गेला, आणि पाणी गेलेल्या बोर्डाची वॉरंटी मागायला जाण्यात काही अर्थ नव्हता.

आता काटा हलला नाही तर लीक कुठून आलं? त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं. नऊला 31 होतं, अकराला 38. वर स्लॅब, खिडक्या बंद, मे महिन्यातलं सोलापूर, दोन तासात सात डिग्री चढायला काही लागत नाही. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. टेस्टरवर 0.5 दिसतं ते बाहेरच्या हवेच्या वरचं, आतला खरा दाब जवळपास दीड बार असतो, त्यामुळे सात डिग्रीला काटा साधारण 0.03 ने वर जायला पाहिजे होता. तो गेला नाही. म्हणजे तेवढी हवा गळून गेली होती, फक्त खोली तापत गेली तशी ती तूट भरून निघत होती. छोट्या डायलवर हे एखाद्या घराएवढंच असतं, फोटोत तर कळतच नाही. काटा स्थिर होता आणि तेच लीकचं लक्षण होतं.

उलटंही होतं. दुपारी टेस्ट लावायची, मग कूलर किंवा एसी चालू करायचा, खोली दहा डिग्रीने उतरते, काटा 0.05 च्या आसपास खाली येतो आणि नवीन माणूस घाबरून सगळ्या फिटिंग अजून आवळत बसतो. त्या आवळण्यात ॲक्रिलिकच्या ब्लॉकला किंवा रिझर्व्हॉयरला चीर जाते. नव्हतं ते लीक असं तयार होतं.

म्हणून माझी सवय सांगतो. टेस्टर पीसीला लावायच्या आधी त्याच्या तोंडाला नुसतं प्लग लावून पंधरा मिनिटं बघायचं, कारण कधी कधी टेस्टरच गळतो. मग लूपला लावायचा, पीसी पूर्ण बंद, वायर भिंतीतून काढलेली. सायकलच्या हातपंपाने हळूहळू 0.5 बार, त्याच्या वर मी जात नाही, रिझर्व्हॉयर ॲक्रिलिकचा असतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर अजिबात नको, एका झटक्यात किती हवा गेली ते कळत नाही. सॉफ्ट ट्यूब असेल तर पहिली दहा मिनिटं ती थोडी फुगते आणि काटा जरासा उतरतो, ते लीक नाही, परत 0.5 ला आणायचं. आता काट्याचा फोटो काढायचा आणि त्याच फोटोत खोलीचं तापमान दिसलं पाहिजे, एवढी एक गोष्ट कराच. मी रात्री जेवण झाल्यावर लावतो, उन्हाचा चढ-उतार संपलेला असतो. एसी असेल तर आधी तासभर चालवून ठेवायचा आणि मध्ये बंद करायचा नाही. एका तासाने बघायचं, मग सकाळी बघायचं, आणि तापमान तेच असेल तेव्हाच काट्याची तुलना करायची. सकाळी खोली तीन डिग्रीने थंड असेल तर थांबायचं, तेवढीच तापू द्यायची, मग बघायचं. एक रात्र जाते, जाऊ दे. ज्याला एक रात्र थांबवत नाही त्याने हा खर्च करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काटा खरंच उतरला तर सगळं एकदम उघडू नका. स्टॉप प्लग लावून लूप अर्धा करा, आधी रेडिएटरची बाजू, मग ब्लॉकची, कुठल्या अर्ध्यात दाब पडतो ते सापडतं. रेडिएटर एकटा असेल तर बादलीत बुडवा, बुडबुडा दाखवतो. बोर्डावर साबणाचं पाणी फवारू नका, फारच वाटलं तर कानात घालायच्या कापसाच्या काडीने फिटिंगभोवती जरासा फेस लावा.

भावाच्या लूपमध्ये मूळ कारण काय निघालं तर टेफ्लॉन टेप. नळाला लावतो तो पांढरा टेप. त्याने प्रेमाने प्रत्येक फिटिंगला तीन-तीन वेढे दिलेले. घरी प्लंबरला बघून आपल्याला वाटतं की आटे आले की टेप आलाच. पीसीच्या फिटिंगचे आटे सरळ असतात, ते पाणी अडवत नाहीत, नुसतं धरून ठेवतात. पाणी अडवते ती खालची ओ-रिंग, ती सपाट जागेवर नीट दाबली गेली पाहिजे. टेपच्या जाडीमुळे फिटिंग पूर्ण बसत नाही किंवा तिरकी बसते, घट्ट झाल्यासारखी वाटते पण ओ-रिंग एका बाजूला सैल राहते नाहीतर चिमटते. शिवाय टेपचे धागे सुटून ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतात. टेप नको, पाना नको. ओ-रिंगला कूलंटचा एक थेंब लावा, हाताने फिरवा, ओ-रिंग दबल्याचं जाणवलं की थोडंसं अजून, बस.

हवेची टेस्ट पास झाली म्हणून पाण्याची सोडायची नाही. रिझर्व्हॉयर आधी भरायचा, पंप कोरडा एक सेकंदही फिरवायचा नाही, डी-5 ला आतलं पाणीच वंगण असतं. वीज फक्त पंपाला. बोर्डाचा 24 पिनचा कनेक्टर, सीपीयूची आणि कार्डची केबल, सगळं काढलेलं. पीएसयू चालू करायला 24 पिनमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी जोडायची. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, त्यामुळे चुकायची भीती, तयार जम्पर प्लग मिळतो तो घ्या, वायरचा तुकडा खुपसू नका. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू, आणि रात्रभर. भावाच्या अर्ध्या तासात तो थेंब फिटिंगच्या कडेलाच होता, खाली पडायला त्याला काही तास लागले.

पाण्याचं बोलू. आपल्याकडे बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गीझरला विचारा. ते कोणी घालत नाही, पण आरओचं सर्रास घालतात. टीडीएस मीटर धरून बघा, आरओच्या पाण्यातही क्षार राहिलेले दिसतात, आणि टीडीएस कमी आला तरी गंज आणि शेवाळ थांबवायला त्यात काही नसतं. पहिल्या लूपला तयार क्लिअर कूलंट घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात. साधारण एक लिटरच्या आसपास लागतं, दोन आणून ठेवा. दुधाळ पेस्टल रंग पहिल्या वेळी नकोच, त्यातले कण खाली बसतात. आणि वीज वाहत नाही असं बाटलीवर लिहिलंय म्हणून निवांत राहू नका, लूपमध्ये फिरलं की धातूचे अंश मिसळतात आणि ते वाहायला लागतं.

स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकबरोबर लावू नका. ॲल्युमिनियम झिजतं, करड्या रंगाचा चिखल होतो, कूलंट कितीही चांगलं असू दे.

फॅनचा स्क्रू घालायच्या आधी मापून बघा, लांब स्क्रू थेट रेडिएटरच्या नळीत घुसतो.

रेडिएटर नवा असला तरी गरम डिस्टिल्ड पाणी घालून हलवून धुवा, आत सोल्डरिंगचा फ्लक्स असतो, पाणी स्वच्छ पडेपर्यंत.

रेडिएटर किती घ्यायचे याचं बाहेरचं गणित इथे जसंच्या तसं चालत नाही. पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. मे मध्ये एसी नसलेली खोली 38 ला असेल तर दहा डिग्री वर धरून पाणी 48 ला. डी-5 ची मर्यादा 60 आहे आणि पीईटीजी ट्यूब त्याच्या आसपास मऊ पडायला लागते, म्हणजे हातात फार काही उरत नाही. जागा असेल तर एक रेडिएटर जास्तच घ्या, आणि पाण्याचा टेम्परेचर सेन्सर सोडू नका.

तो सेन्सर वर्षभराने कामाला येतो. सीपीयू पाण्याच्या मानाने पूर्वीपेक्षा दहा डिग्री वर गेलाय पण खोली आणि पाणी यांतला फरक तेवढाच आहे, तर ब्लॉक तुंबलाय नाहीतर पेस्ट गेलीय. पाणीच खोलीपेक्षा पूर्वीहून जास्त तापायला लागलं तर रेडिएटरवर धूळ आहे. अशोक चौक, साखर पेठ भागात जिथे यंत्रमाग आहेत तिथे सुताची बारीक कुसं रेडिएटरवर गादीसारखी बसतात, तिथल्या माणसाने दर महिन्याला ब्लोअर मारायचा, फॅनची पाती बोटाने धरून.

वर्षातून एकदा कूलंट बदलायचंच. मी पाडव्याच्या आधी करतो, उन्हाळा सुरू व्हायच्या आत. त्यासाठी सगळ्यात खालच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह पहिल्या दिवशीच लावलेला पाहिजे, नाहीतर टॉवर आडवा-तिडवा करत बसावं लागतं. ब्लॉक उघडा, मऊ टूथब्रशने खाचा घासा. पांढरा चिकट थर दिसला तर तो बहुतेक पारदर्शक ट्यूबमधून सुटलेला प्लास्टिसायझर असतो, ट्यूब बदला, परत घेताना काळी इपीडीएम घ्या. चपट्या झालेल्या ओ-रिंग फेका. आणि सगळं परत जोडलं की कूलंट भरायच्या आधी टेस्टर परत लावा, रात्री, शेजारी तापमान दिसेल असा फोटो काढून.