परदेशी कंपनीचा कॅश फ्लो मालकाला समजावण्याआधीची तयारी

मालकासोबत बसण्याआधी वार्षिक अहवालातली लेखा धोरणांची टीप उघडा आणि हिशेब आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय लेखा मानकांनुसार मांडलाय की अमेरिकेच्या यूएस गॅपनुसार, ते पाहून घ्या. ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग ही तीन शीर्षकं दोन्हीकडे सारखीच दिसतात, पण त्यांच्याखाली काय टाकायचं याचे नियम वेगळे आहेत. मालक दोन कंपन्यांचे ऑपरेटिंग आकडे शेजारी ठेवून तुलना करणार, हे गृहीतच धरा.

सगळ्यात जास्त वेळ व्याजाला द्या. अमेरिकन नियमांत भरलेलं व्याज साधारणपणे ऑपरेटिंगमध्येच जातं. आयएफआरएसमधलं कॅश फ्लोचं मानक म्हणजे आयएएस ७, त्यात बहुतेक कंपन्यांना आजवर ते ऑपरेटिंगमध्ये किंवा फायनान्सिंगमध्ये दाखवायची मुभा आहे. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आयएफआरएस १८ लागू होईल. तेव्हा ही मुभा जाईल आणि ज्यांचा मुख्य धंदा कर्ज देण्याचा किंवा गुंतवणुकीचा नाही, अशा कंपन्यांचं भरलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये येईल. म्हणजे जुन्या-नव्या वर्षांची तुलना करतानाही ही ओळ पुन्हा तपासावी लागेल.

मग भाडेपट्ट्यांकडे वळा. आयएफआरएस १६ नुसार इमारतीच्या किंवा यंत्राच्या भाड्यातला मुद्दलाचा भाग फायनान्सिंगमध्ये बसतो, तर अमेरिकेत ऑपरेटिंग लीजचं भाडं सहसा पूर्णच ऑपरेटिंगमधून जातं. भाड्याच्या जागांवर चालणाऱ्या कंपनीत एवढ्यानेही चित्र पालटतं. मालकासाठी दुकानाचं भाडं हा धंद्याचाच खर्च असतो, आणि माझ्या मते त्याचं बरोबर आहे. म्हणून त्याच्यापुढे कंपनीची मांडणी जशीच्या तशी न ठेवता त्याच्या दृष्टीने पुन्हा लावलेली मांडणी ठेवा.

ती कशी लावायची, हे एका काल्पनिक उदाहरणावर आधी स्वतः करून पाहा. समजा, आयएफआरएस वापरणाऱ्या एका कंपनीचे आकडे दशलक्ष युरोत आहेत. ऑपरेटिंगमधून १२० आले, यंत्रसामग्रीवर ६० गेले. फायनान्सिंगमध्ये नवं कर्ज ५० आलं. जुन्या कर्जाची परतफेड २५, व्याज १८, भाडेपट्ट्याचं मुद्दल २२ आणि लाभांश ३५ गेले. म्हणजे फायनान्सिंग उणे ५० आणि वर्षभरात रोकड १० ने वाढली. वरवर वाचणारा म्हणेल, १२० मधून ६० गेले, ६० उरले, ३५ चा लाभांश आरामात दिला.

आता व्याज आणि भाडं वर आणा. १२० मधून १८ आणि २२ वजा केले की ८० राहतात. यंत्रांचे ६० गेल्यावर हातात २० उरतात, आणि लाभांश आहे ३५ चा. कमी पडलेले १५ कर्जातून आले. नव्या आणि फेडलेल्या कर्जातला फरक २५. त्यातले १५ इथे गेले, उरलेल्या १० ने रोकड वाढली. शेवटची बेरीज तीच राहिली, फक्त ओळी हलल्या. मालकाला हे कागदावर, त्याच्यासमोर बेरीज करत दाखवा, तयार तक्ता पुढे सरकवू नका. ओळ हलताना डोळ्यांनी दिसली की पैसा कुठून आला हे तो स्वतःच सांगतो.

याआधी काही गोष्टी झटपट तपासून घ्या. कंसातले आकडे उणे आहेत आणि एकक हजार की दशलक्ष, हे पानाच्या माथ्यावर पाहा. विनिमय दरातल्या फरकाची ओळ तीन गटांच्या बाहेर, शेवटी असते. तिला कमाई किंवा तोटा म्हणू नका. सगळं रुपयांत मांडायचा मोह टाळा. करायचंच असेल तर पूर्ण पत्रकाला एकच दर लावा, नाहीतर बेरीज जुळणार नाही.

नव्या भाडेपट्ट्यावर घेतलेलं यंत्र इन्व्हेस्टिंगमध्ये दिसत नाही, कारण त्या क्षणी रोकड हलतच नाही. त्याची माहिती रोकडविरहित व्यवहारांच्या टिपेत शोधा. कंपनीची खरी वाढ कधी कधी तिथेच असते.

पुरवठादारांची देणी एकदम फुगली असतील तर पुरवठादार वित्तपुरवठ्याची टीप वाचा. यात पुरवठादाराला बँक आधी पैसे देते आणि कंपनी बँकेला नंतर. हे देणं व्यापारी देण्यांत राहिलं, तर ऑपरेटिंग आकडा चांगला दिसतो, पण त्यामागे बँकेची उसनवारी असू शकते. आयएएस ७ मध्ये २०२४ पासून याची माहिती द्यावी लागते, त्यामुळे टीप सहसा सापडते. ती रक्कम वेगळी लिहून घ्या आणि मालकाला विचारा: बँकेने उद्या ही सोय बंद केली, तर पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याइतकी रोकड या ८० मधून निघेल का?