दहाव्या दिवशी पुन्हा उवा?

सिडकोतल्या आमच्या घरी लेकीच्या डोक्याला १ टक्का पर्मेथ्रिन लावलं, १० मिनिटांनी धुतलं, उवा गेल्या. दहाव्या दिवशी पुन्हा खाजवणं सुरू! शाळेला बोल लावला खरा, पण सापडल्या त्या सगळ्या बारीक, म्हणजे मागे राहिलेल्या लिखांतूनच निघालेल्या. या औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत, म्हणून नवव्या दिवशी ते पुन्हा लावायचं. शिवाय दोन आठवडे दर तीन दिवसांनी ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून, एकेक बट धरून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. कानामागे जास्त सापडतात. शेजारी झोपणाऱ्या आजींचंही डोकं बघा. आमच्याकडे तिथेही दोन निघाल्या. रॉकेल अजिबात नको.