‘भाव’ या शब्दाने शिकवलेले एम्बेडिंग: भाषाविज्ञानातून येणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञान शिकून जे संगणकीय भाषाप्रक्रियेकडे वळतात, त्यांनी वर्ड एम्बेडिंगची, म्हणजे शब्दांना आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीची, ओळख एखाद्या मोठ्या तयार मॉडेलपासून न करता, ज्या मजकुराची आपल्याला पूर्ण जाण आहे अशा छोट्या संग्रहापासून करावी, असे मला मनापासून वाटते. मी नाशिकचा असल्याने लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांदा लिलावाच्या बातम्या घेतल्या आणि त्यांत काही कथा-ललित मजकूर मिसळला. मॉडेल अगदी साधे होते; त्यातील vakye म्हणजे शब्दांत तोडलेल्या वाक्यांची यादी:

```python
from gensim.models import Word2Vec
m = Word2Vec(vakye, vector_size=100, window=2, min_count=5, sg=1)
m.wv.most_similar("भाव", topn=20)
```

२०१३ मध्ये आलेल्या वर्डटूव्हेकमागची कल्पना भाषाविज्ञानाला नवी नव्हती. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हे फर्थ यांनी १९५७ मध्येच म्हटले होते. येथे प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग, म्हणजे सदिश, मिळतो आणि ज्या शब्दांचे शेजारी सारखे त्यांचे सदिश जवळ येतात. ‘भाव’च्या यादीत ‘दर’ वर आला, तेव्हा हे खरोखर काम करते याची खात्री पटली. दोन्ही शब्द क्विंटल, सरासरी, आवक यांच्याच सोबतीने वावरतात आणि त्यांच्यातील नाते मी कुठेही सांगितलेले नव्हते.

त्याच संग्रहात ‘चढले’ हा शब्द विचारला असता ‘उतरले’ अगदी जवळचा निघाला. हा मॉडेलचा बिघाड नव्हे. ‘कांद्याचे भाव ___’ या रिकाम्या जागी दोन्ही शब्द तितक्याच सहज बसतात आणि मॉडेल नेमके तेवढेच मोजते. मॉडेल शब्दाच्या दोन्ही बाजूंचे जेवढे शेजारी पाहते ती खिडकी दोनच शब्दांची असल्यामुळे परिणाम सांगणारे शब्द बाहेर राहतात, असे समजून ती मोठी करण्याचा मोह होतो. पण भाव चढल्याने शेतकरी समाधानी असतो आणि ग्राहक हैराण, तर उतरल्याने शेतकरी हवालदिल होतो आणि ग्राहक समाधानी. म्हणजे दोन्ही क्रियापदांभोवती जवळपास तेच शब्द जमतात. फक्त कोणाचे काय झाले हा संबंध बदलतो आणि शेजाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या पद्धतीला तो संबंध दिसत नाही. खिडकी मोठी केली की विषयाची जवळीक वाढते, अर्थाची नव्हे.

म्हणूनच मॉडेल तपासताना समानार्थी, विरुद्धार्थी आणि केवळ एका विषयातल्या (कांदा–लिलाव) अशा जोड्यांच्या तीन वेगळ्या याद्या करून त्यांची कोसाइन मूल्ये, म्हणजे दोन सदिश किती जवळ आहेत हे सांगणारे आकडे, शेजारी ठेवावीत. इंग्रजीसाठी सिमलेक्स-९९९ हा संच याच कारणाने, साम्य आणि संबंध वेगळे करण्यासाठी, तयार झाला. समानार्थी आणि विरुद्धार्थी जोड्यांची मूल्ये एकमेकांत मिसळलेली दिसली, तर त्या मॉडेलच्या जवळिकीला ‘अर्थसाम्य’ म्हणू नये.

‘भाव’चा दुसरा पैलू मला अधिक मोलाचा वाटतो. लिलावातला भाव आणि चेहऱ्यावरचा भाव यांना वर्डटूव्हेक एकच सदिश देते. असा सदिश निरनिराळ्या अर्थांच्या सदिशांची, वापराच्या प्रमाणानुसार झालेली, साधारण बेरीज असतो, हे संजीव अरोरा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले आहे. माझ्या संग्रहात बातम्या अधिक असल्याने पहिल्या वीस शेजाऱ्यांत भावना जवळपास नव्हतीच. त्यामुळे यादीत एखादा अर्थ दिसला नाही म्हणजे तो भाषेत नाही, असा निष्कर्ष काढू नये; तो संग्रहात दबलेला असू शकतो.

मराठीत याच्याही पुढची अडचण आहे, कारण ‘भावाला’ हे रूप ‘भाव’चेही आहे आणि ‘भाऊ’चेही. विभक्तिरूपे एकत्र आणण्यासाठी प्रत्यय यांत्रिकपणे छाटला, की ‘धाकट्या भावाला’ हे वाक्यही बाजारभावाच्या खात्यात जमा होते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: छाटणीनंतर ‘भाव’च्या शेजारी ‘बहीण’, ‘धाकटा’ असे शब्द येऊ लागतात. मी निवडक वाक्ये हाताने वाचून ‘भाव_१’, ‘भाव_२’ आणि ‘भाऊ’ अशा खुणा केल्या आणि मॉडेल पुन्हा शिकवले, तेव्हा तिघांचे शेजारी स्वच्छ वेगळे झाले. खुणा करताना सर्वांत उपयोगी पडली ती सोबतची क्रियापदे: भाव फुटतो, कोसळतो, मिळतो तो बाजारातला; उमटतो, दाटतो तो मनातला.

बर्टसारखी २०१८ पासूनची मॉडेल प्रत्येक वापराला वेगळा सदिश देतात, त्यामुळे एका शब्दाच्या अनेक अर्थांची अडचण बरीच हलकी होते. विरोधाची मात्र तितकी होत नाही, कारण तिथेही रिकामी जागा भरणे हाच शिकण्याचा पाया आहे. विरोध शोधायचाच असेल, तर ‘भाव चढले नाहीत, उतरलेही नाहीत’ किंवा ‘चढ-उतार’ यांसारख्या रचना संग्रहातून वेगळ्या काढाव्यात. विरुद्धार्थी शब्द अशा रचनांत शेजारी येतात, समानार्थी क्वचितच येतात, आणि हा फरक सदिशांत नसला तरी वाक्यांत मोजता येतो.