दोन क्रेडिट कार्डे आणि एक कर्ज: आधी काय फेडावे आणि वाचलेले व्याज कसे मोजावे

एकापेक्षा अधिक देणी अंगावर असली की बहुतेक घरांत ज्या रकमेचा आकडा मोठा दिसतो तिची चिंता आधी केली जाते. प्रत्यक्षात क्रम ठरवायचा तो दराने, म्हणजे शिल्लक राहिलेला प्रत्येक रुपया महिन्याला किती खर्च करवतो यावरून. हे पाहण्यासाठी एका घराचा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. समजा, पहिल्या कार्डावर ६०,००० रुपये थकले आहेत आणि दर महिना ३.५ टक्के आहे. दुसऱ्या कार्डावर ४०,००० रुपये असून दर महिना ३ टक्के आहे. याशिवाय वैयक्तिक कर्जाचे १,२०,००० रुपये बाकी आहेत, दर वार्षिक १५ टक्के आहे, २४ हप्ते राहिले आहेत आणि हप्ता ५,८१८ रुपयांचा आहे. हा हप्ता भरून कार्डांसाठी दरमहा ९,००० रुपये बाजूला काढता येतात.

पहिली पायरी म्हणजे सर्व दर एकाच मापात आणणे. कार्डाचा दर स्टेटमेंटवर बहुधा महिन्याचा दिलेला असतो, तर कर्जाचा दर वर्षाचा असतो, त्यामुळे ३.५ आणि १५ हे आकडे शेजारी ठेवले तर कार्डच स्वस्त वाटते. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, कर्जाच्या व्याजावर तो लागत नाही. म्हणून पहिल्या कार्डाचा खरा मासिक भार ३.५ गुणिले १.१८, म्हणजे ४.१३ टक्के, आणि दुसऱ्याचा ३.५४ टक्के येतो. कर्जाचा भार १५ भागिले १२, म्हणजे १.२५ टक्के आहे. कर्ज ‘फ्लॅट’ दराचे असेल तर तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये, कारण त्यात मुद्दल कमी होत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच आकारलेले असते. तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १८ टक्के होतात. तसेच एखाद्या कार्डावरची काही खरेदी हप्त्यांत रूपांतरित केलेली असेल, तर तिचा दर निराळा असल्याने ती यादीत स्वतंत्र देणे म्हणून लिहावी.

दुसरी पायरी क्रमाची आहे. आपल्या उदाहरणात पहिले कार्ड, मग दुसरे कार्ड आणि शेवटी कर्ज असा क्रम लागतो. सर्वांत मोठी रक्कम कर्जाची असूनही ते शेवटी जाते. प्रत्येक देण्याची किमान देय रक्कम किंवा हप्ता दर महिन्याला भरायचाच, कारण तो चुकला की विलंब शुल्क लागते आणि पतइतिहासात नोंद होते. त्यानंतर उरलेला प्रत्येक रुपया यादीतील पहिल्या देण्यात जातो. पहिले देणे संपले की त्याची संपूर्ण रक्कम दुसऱ्याकडे वळवायची. किमान देय रक्कम थकबाकीबरोबर घटत जाते, पण आपली ९,००० रुपयांची एकूण रक्कम घटू द्यायची नाही. माझ्या मते या पद्धतीचा खरा जोर या एका अटीत आहे.

तिसरी पायरी म्हणजे तुलनेसाठी ‘फक्त किमान रक्कम भरली तर’ हा तक्ता मांडणे. प्रत्येक बँकेचे सूत्र थोडे वेगळे असते. येथे व्याजासह थकबाकीच्या ५ टक्के धरले आहेत. पहिल्या कार्डासाठी स्प्रेडशीटच्या B2 मध्ये 60000 लिहावे आणि पुढील सूत्रे टाकून ओळी खाली ओढाव्यात:

```
C2  =B2*3.5%*1.18
D2  =(B2+C2)*5%
E2  =B2+C2-D2
B3  =E2
```

येथे C हा व्याजाचा, D भरण्याचा आणि E उरलेल्या थकबाकीचा स्तंभ आहे. पहिल्याच ओळीत दुखणे कळते: ४.१३ टक्के वाढल्यानंतर ५ टक्के भरले, की थकबाकी महिन्याला जेमतेम १.०८ टक्क्यांनी उतरते. वर्षभरात सुमारे ३५,३५० रुपये भरले जातात, त्यांपैकी सुमारे २८,०४० रुपये व्याज आणि करात जातात, आणि ६०,००० ची थकबाकी ५२,६९० वर येते. या गतीने ती निम्मी व्हायला ६४ महिने, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ लागतो.

आता दुसरा तक्ता आपल्या क्रमाचा. त्यात दुसऱ्या कार्डाच्या D स्तंभात ५ टक्के ठेवावेत आणि पहिल्या कार्डाच्या D स्तंभात ९,००० मधून ती रक्कम वजा करून उरलेली टाकावी. पहिल्या महिन्यात दुसऱ्या कार्डाला २,०७१ आणि पहिल्याला ६,९२९ रुपये जातात. पहिले कार्ड अकराव्या महिन्यात संपते, त्याच महिन्यात उरलेले ४,२०९ रुपये दुसऱ्याकडे वळतात, आणि पंधराव्या महिन्यात ६,५५९ रुपये भरून तेही संपते. एकूण भरणा १,३२,५५९ रुपये झाला, म्हणजे व्याज आणि कर मिळून ३२,५५९ रुपये गेले.

वाचलेले व्याज काढताना दोन्ही तक्ते एकाच कालावधीवर थांबवावेत. किमान रकमेच्या वाटेने १५ महिन्यांत दोन्ही कार्डांवर मिळून सुमारे ५३,४७० रुपये व्याजात जातात, म्हणजे तेव्हापर्यंतची बचत सुमारे २०,९०० रुपये आहे. मात्र त्या वाटेने जाणाऱ्याच्या डोक्यावर त्या दिवशी अजून ८२,२०० रुपये थकबाकी असते आणि तिचे व्याज पुढेही चालू राहते. शेवटपर्यंतचा अंदाज हवा असेल तर मूळ थकबाकीला मासिक भाराने गुणून महिन्याच्या घटीने भागावे. पहिल्या कार्डासाठी ६०,००० गुणिले ४.१३ भागिले १.०७६५, म्हणजे सुमारे २,३०,००० रुपये येतात. किमान रकमेला बँकेने खालची मर्यादा घातलेली असल्यास खरा आकडा याहून काहीसा कमी निघतो.

लहान रक्कम आधी संपवावी असे अनेकांना वाटते, म्हणून तोही हिशेब केला. दुसरे कार्ड आधी घेतले तर ते आठव्या महिन्यातच संपते, पण एकूण व्याज ३४,७९१ रुपये होते, म्हणजे सुमारे २,२३० रुपये अधिक. दोन दर इतके जवळ असताना एक खाते लवकर बंद झाल्याने धीर येत असेल, तर ही किंमत मी अवाजवी म्हणणार नाही. कर्जाबाबत मात्र ही सवलत नाही: कार्ड बाकी असताना कर्जात टाकलेला जादा रुपया महिन्याला १.२५ टक्के वाचवतो आणि त्याच वेळी कार्डावर ४.१३ टक्के खर्च करवतो.

हिशेब कागदावर जुळून प्रत्यक्षात चुकतो तो बहुधा नव्या खरेदीमुळे. मागील थकबाकी पूर्ण भरलेली नसेल तर कार्डाची बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि नव्या खरेदीवर त्या तारखेपासूनच व्याज लागू होते. म्हणून दोन्ही कार्डांवरील वर्गण्यांचे आणि बिलांचे आपोआप होणारे भरणे आधीच बंद करावेत. दर महिन्याला स्टेटमेंटमधील व्याज आणि जीएसटी यांची बेरीज तक्त्यातील C शी ताडून पाहावी. व्याज दिवसागणिक आकारले जात असल्याने थोडाफार फरक राहील, पण शेकडो रुपयांचा फरक दिसला तर नवी खरेदी, शुल्क किंवा वेगळा दर कोठेतरी लपलेला आहे असे समजावे. शेवटच्या भरण्यानंतरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये लहानशी रक्कम येऊ शकते. स्टेटमेंटची तारीख आणि भरण्याचा दिवस यांमधले ते व्याज असते आणि तेही भरावे लागते.

सोळाव्या महिन्यापासून कर्जाचे ९ हप्ते आणि सुमारे ४९,२४० रुपये मुद्दल उरते. मोकळे झालेले ९,००० रुपये दरमहा त्यात टाकले तर ते चार महिन्यांत फिटते आणि सुमारे १,७४० रुपये व्याज वाचते. पण करारात मुदतपूर्व भरण्यावर ४ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी असेल, तर त्यातले जवळजवळ १,२९० रुपये शुल्कातच जातात. तेव्हा आधी करारातील शुल्काचे कलम वाचावे, आणि ते असे असेल तर कर्जाचा हप्ता नेहमीप्रमाणे चालू ठेवून ९,००० रुपये बचत खात्यात जमा करावेत.