ऑफिसातल्या कॉम्प्युटरमुळे न्यूट्रल तापतो का, हे कसे तपासावे आणि काय करावे

पुण्यातल्या एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर शनिवारी दुपारी वॉचमनला जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी जाऊन डीबीचं, म्हणजे मजल्याला वीज वाटणाऱ्या बोर्डाचं, कव्हर काढलं. लाल, पिवळ्या आणि निळ्या तारा नव्यासारख्या होत्या. न्यूट्रल लिंकवरची काळी तार मात्र टोकाला दाबून बसवलेल्या लगपासून चार बोटं कडक झाली होती, नखाने टोकरल्यावर इन्सुलेशनचा तुकडा पडला, आणि लगचा कथील तपकिरी झाला होता. ६३ अँपिअरचा टीपीएन, म्हणजे तीन फेज आणि न्यूट्रलचा, ब्रेकर एकदाही ट्रिप झाला नव्हता. होणारही नव्हता, कारण त्याचं लक्ष फक्त तीन फेजवर असतं. न्यूट्रल त्यात सरळ लिंकमधून जातो.

त्या मजल्यावर असेंबल केलेले १६० डेस्कटॉप होते. तुमच्याही मजल्यावर असा लोड असेल तर हे कसं तपासायचं ते सांगतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चालू डीबीचं कव्हर परवानाधारक वायरमन किंवा सुपरवायझरनेच उघडायचं. तुम्ही ऑफिसचं काम पाहणारे असाल तर त्याच्या शेजारी उभं राहून आकडे लिहून घ्या आणि पुढचे प्रश्न विचारा.

आधी कारण समजून घ्या

आपल्याला शिकवलेलं असतं की तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमध्ये करंट शून्य. पंखे, मोटर, हीटर यांच्यासाठी ते खरं आहे. कॉम्प्युटरच्या साध्या पॉवर सप्लायमध्ये मात्र आत रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर असतो. व्होल्टेज शिखराजवळ पोचलं की तो घाईघाईने एक घोट घेतो आणि उरलेला वेळ गप्प बसतो. म्हणजे करंट लाटेसारखा वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो.

तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणतात. आर फेजचा ठोका येतो तेव्हा वाय आणि बी गप्प असतात. त्या ठोक्याला छेद देणारं कोणी नसल्याने तो पूर्ण न्यूट्रलमधून परत जातो. मग वायचा, मग बीचा. तिन्ही फेजचे ठोके एकाच तारेतून जातात. गणिताच्या भाषेत, ५० हर्ट्झचा मूळ भाग तीन फेजमध्ये एकमेकांना खोडतो, पण तिसरा हार्मोनिक, म्हणजे १५० हर्ट्झचा भाग, तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी चढतो आणि एकाच वेळी उतरतो. तो खोडला न जाता तिप्पट होतो. नववा आणि पंधरावाही तसेच वागतात, म्हणून या गटाला ट्रिप्लेन म्हणतात. ठोके एकमेकांवर अजिबात येत नसतील तर न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो.

पहिली पायरी: मीटर बरोबर आहे का ते बघा

तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरवर ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं हवं. साधा मीटर सरासरी मोजून त्याला साइन वेव्हचा गुणक लावतो, त्यामुळे ठोक्याठोक्याचा फेज करंट तो बराच कमी दाखवतो. शक्य असेल तर फ्रिक्वेन्सी दाखवणारा मीटर घ्या, त्याचा उपयोग पुढे येतो.

दुसरी पायरी: मोजायचं कुठे

टेबलाजवळच्या सॉकेटच्या सर्किटला स्वतःची फेज आणि स्वतःचा न्यूट्रल असेल तर दोन्हींत सारखाच करंट दिसेल आणि सगळं ठीक वाटेल. बेरीज होते ती न्यूट्रल एकत्र येतात तिथे. म्हणून डीबीकडे येणाऱ्या मुख्य केबलच्या चारही कोअरवर, ऑफिस पूर्ण भरलेलं असताना मोजा. सकाळी अकराच्या सुमाराची वेळ चांगली. रविवारच्या आकड्यांवर काही ठरवू नका. तीन फेजच्या तीन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल फिरवलेला सापडला, तर ती जागा आधी लिहून ठेवा. तिथे बारीक तारेत हीच बेरीज होत असते.

त्या मजल्यावरचे आकडे असे आले: आर ५४, वाय ५०, बी ५२ अँपिअर. न्यूट्रल ७४.

तिसरी पायरी: हा असमतोल आहे की हार्मोनिक

न्यूट्रल तापला की बहुतेक जण ‘फेज बॅलन्स करा’ म्हणून मोकळे होतात. तिथेही आधीच्या वायरमनने दोन शनिवार खर्चून सर्किटं इकडची तिकडे केली होती. म्हणून आधी हिशेब करा. दोन-दोन फेजमधले फरक घ्या: ४, २ आणि २. त्यांचे वर्ग १६, ४ आणि ४, बेरीज २४. तिचं अर्धं १२ आणि वर्गमूळ साधारण ३.५. लोड साधा असता तर न्यूट्रलमध्ये साडेतीन अँपिअर असायला हवे होते. प्रत्यक्षात ७४ आहेत. राहिलेला जवळपास सगळा भाग हार्मोनिकचा आहे, आणि बॅलन्स केल्याने तो जात नाही. उलट तिन्ही फेजवर कॉम्प्युटर सारखे वाटले की ठोक्यांची बेरीज पुरेपूर होते.

खात्रीसाठी टाँग टेस्टर न्यूट्रलवर ठेवूनच मीटर Hz वर न्या. ५० दिसले तर असमतोल शोधा. आमच्या मीटरवर १५० दिसले. त्या आकड्यानंतर वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

चौथी पायरी: न्यूट्रलची ताकद किती

आता केबलवरचा छाप वाचा. आपल्याकडे मजल्यांना अजूनही सर्रास साडेतीन कोअरची केबल टाकतात. त्यातला ‘अर्धा’ म्हणजे न्यूट्रल. न्यूट्रलमध्ये फारसं काही वाहत नाही असं मानलं जात होतं, त्या काळाची ही काटकसर आहे. आमची केबल ३५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची होती आणि तिचा न्यूट्रल १६ चौरस मिलिमीटरचा. १६च्या पीव्हीसी कोअरला मोकळ्या हवेत साधारण ५० अँपिअर चालतात. ट्रेमध्ये इतर केबलींच्या गर्दीत ४० धरा. त्यातून ७४ जात होते.

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे परिणाम आकड्यापेक्षा भीषण असतो. ती केबल ४० मीटर लांब होती. तापलेल्या अवस्थेतला रोध धरला तर तिन्ही फेज मिळून सुमारे ३४० वॉट उष्णता होत होती, आणि एकट्या न्यूट्रलमध्ये सुमारे ५०० वॉट. म्हणजे केबलच्या आतला सर्वांत बारीक कोअर बाकी तिघांच्या एकत्रित उष्णतेपेक्षा जास्त तापत होता, आणि त्याच्यावर पहारा कोणाचाच नव्हता.

कव्हर न उघडता मिळणारा एक पुरावाही आहे. भरल्या ऑफिसात टोकाच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. तिथे साडेसहा व्होल्ट होते. ७४ अँपिअर त्या बारीक न्यूट्रलमधून ४० मीटर गेले की जवळपास एवढाच ड्रॉप पडतो.

पाचवी पायरी: लगेच काय करायचं

लग काळा पडला असेल तर केबल येईपर्यंत थांबू नका. लोड कमी करा. आम्ही त्या दिवशी ६० मशीन तात्पुरती शेजारच्या डीबीवर हलवली. मग मेन बंद करून, सप्लाय नाही हे टेस्टरने पाहून, जळलेला भाग कापला, नवा लग क्रिंप केला आणि न्यूट्रल लिंक बदलली.

लोड चालू असताना न्यूट्रलचा स्क्रू कधीही सैल करू नका, ‘जरा घट्ट करतो’ म्हणूनही नाही. न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची मशीन ४०० व्होल्टच्या मधे एकापाठोपाठ एक लागल्यासारखी होतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज ३०० च्या पुढे जातं आणि पॉवर सप्लाय एका क्षणात फुटतात. तापून तापून न्यूट्रलचा सांधा आपोआप सुटला तरी हेच होतं. एखाद्या ऑफिसात एकाच दुपारी ओळीने मशीन जळतात, तेव्हा मी सगळ्यांत आधी न्यूट्रल बघतो.

सहावी पायरी: नवी केबल कशी ठरवायची

आयईसी ६०३६४ या मानकात यासाठी सरळ रीत दिलेली आहे. न्यूट्रलच्या करंटला ३ ने भागा. ७४ भागिले ३ म्हणजे सुमारे २४.७, हा एका फेजमधला तिसरा हार्मोनिक. फेजचा सरासरी करंट ५२, म्हणजे प्रमाण ४७ टक्के. हे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असेल तर नेहमीसारखीच केबल चालते. १५ ते ३३ असेल तर फेजचा करंट ०.८६ ने भागून येईल त्या आकड्याची केबल घ्या. ३३ ते ४५ मध्ये न्यूट्रलचा करंट ०.८६ ने भागायचा. ४५ च्या वर केबल सरळ न्यूट्रलच्या करंटवर ठरवायची.

आमचं प्रमाण शेवटच्या गटात होतं, म्हणून हिशेब ७४ अँपिअरचा. पूर्ण न्यूट्रलची चार कोअर ३५ची केबल मोकळ्या हवेत सुमारे ८६ घेते, पण ट्रेमधल्या गर्दीसाठी ०.८ ने गुणलं की ६९ उरतात. पुरत नाही. ५०च्या केबलचे १०५ आणि ०.८ धरून ८४ येतात. म्हणून चार कोअर ५० टाकली. सोबत टीपीएन काढून न्यूट्रल पोललाही पूर्ण ओव्हरलोड संरक्षण असलेला चार पोलचा ८० अँपिअरचा एमसीसीबी ब्रेकर बसवला. चार पोल घेताना हे नीट विचारून घ्या. काही चार पोल ब्रेकर न्यूट्रल फक्त तोडतात, त्याच्यावर लक्ष ठेवत नाहीत.

डीबीवरच थांबू नका. हाच करंट राइझरमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांना जोडणाऱ्या उभ्या मुख्य लाइनमध्ये, जाऊन दुसऱ्या मजल्यांच्या ट्रिप्लेनमध्ये मिसळतो. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचला की तो डेल्टा वाइंडिंगमध्ये फिरत राहतो. वीज कंपनीच्या बाजूला फारसा दिसत नाही, पण ट्रान्सफॉर्मर तापवतो. म्हणून खालच्या मेन पॅनेललाही हीच चार मोजमापं घ्या.

केबल बदलल्याने हार्मोनिक कमी होत नाहीत, फक्त त्यांना सुखरूप वाट मिळते. ते कमी करायचे तर डीबीजवळ झिगझॅग ट्रान्सफॉर्मर किंवा ॲक्टिव्ह फिल्टर लावता येतो, पण एका मजल्यासाठी मला केबलचा खर्चच पटतो. खरा फरक मशीन बदलताना पडतो. ॲक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन असलेला पॉवर सप्लाय करंट जवळजवळ लाटेसारखा घेतो. लॅपटॉप आले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. आयईसी ६१०००-३-२ मधली कॉम्प्युटरसाठीची हार्मोनिकची मर्यादा ७५ वॉटच्या वर लागू होते. ६५ वॉटचा ॲडाप्टर त्यातून सुटतो, आणि असे शंभर ॲडाप्टर एकत्र आले की तोच ठोका पुन्हा सुरू होतो.

सातवी पायरी: पुन्हा मोजा

नव्या केबलवर पहिल्या सोमवारी न्यूट्रल ७५ निघाला, म्हणजे लोड तसाच होता. पण लगवर हात टेकवता येईल इतकाच तो कोमट होता, आणि टोकाच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज दोनपर्यंत उतरलं होतं. वर्षभरात निम्मी मशीन बदलली, तेव्हा न्यूट्रलचा करंट ४६ वर आला. हे सगळे आकडे तारखेसकट डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर आहेत. नवीन टेबलांची रांग आली की वायरमन आधी तो कागद वाचतो आणि मग टाँग टेस्टर काढतो.