पहिल्यांदा वारीला चालताय? आधी टाच बघा

ठाण्याहून बरेच जण माऊलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा चालतात. हाच टप्पा लांबचा, त्यात दिवेघाट. त्यासाठी नवे बूट घेऊ नका. पायात मुरलेली, मागे पट्टा असलेली सँडल बरी. पावसात बूट आणि मोजे भिजले की कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतो.

व्हिडिओत मी माझी टाच जवळून दाखवली आहे. फोडाआधी तिथे चुरचुरतं, कातडी लाल होते. त्याच क्षणी कडेला थांबा, पाय कोरडा करा आणि त्यावर कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. 'पुढच्या विसाव्याला बघू' म्हणालात की उशीर झालाच. फोड आला तर फोडू नका. आधी दोन-तीन रविवार तीच सँडल घालून उपवन ते येऊर चढून बघा, कुठे घासतं ते तिथेच कळेल.

पाणी घोटघोट प्या. ओआरएस पाकिटावरच्या मापाच्या पाण्यातच कालवा. पाठीवर रेनकोट, पंचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाईल, एवढं पुरे.

आणि एक मनापासून विनंती. दिंडीच्या रांगेतून फोटोसाठी आडवे घुसू नका. टाळकरी, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या मावश्या एका लयीत चालत असतात. पलीकडे जायचंच असेल तर दिंडी संपेपर्यंत थांबा, 'माऊली, जरा जाऊ का?' म्हणा.